कॅमेरा कुणाच्या हातात होता

मी मूळचीच संशयी. भाजीवाल्याने पिशवी स्वतः भरून दिली, तर घरी आल्यावर मी आधी तळाचे टोमॅटो पाहते. पुण्याहून हैदराबादला आले तर नोकरीही तशीच मिळाली, सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायची. त्यामुळे बरकतपुऱ्यातल्या मराठी मंडळाने जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ टेप तपासायला बोलावलं, तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

टेपांना बुरशी लागली होती. संगणकावर उतरवल्या की त्या फेकून द्यायच्या, आणि उतरवलेल्यातलेही धूसर, हलणारे, अंधारे तुकडे वगळून बाकीचं जपायचं, असं ठरलं होतं. इतके तास डोळे लावून कोण बसणार? मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. चित्रातल्या कडा किती ठसठशीत आहेत, सरासरी उजेड किती आहे, आणि लागोपाठच्या चित्रांत सगळा देखावा मागेपुढे किती उडतो, असे तीन आकडे तो काढायचा. त्यावरून यादीत प्रत्येक तुकड्यापुढे ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ लिहिलं जायचं.

टेपांवर चित्रण म्हणून एकाच काकांचं नाव होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त, नल्लकुंट्यात राहणारे. पुढच्या महिन्यात त्यासाठी मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. रोज दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसत. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, नारायणगुड्याच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई, डबा आणून देत आणि खिडकीपाशी पेपर वाचत बसत. पडद्याकडे कधी बघत नसत.

पहिल्याच आठवड्यात आकड्यांनी मला फसवलं. एका अंधाऱ्या नाटकाला स्पष्टतेचे भरघोस गुण मिळाले. उघडून पाहिलं तर नट ओळखू येईनात, पण काळोखात टेपचे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, नुसते वळवळत होते. प्रोग्रामने ते दाणेच कडा म्हणून मोजले होते. मी दाणे आधी पुसट करून पुन्हा मोजणी लावली. काकांना हे सगळं समजावून सांगितलं, ते मन लावून ऐकत होते.

मग एक दिवस यादी आकड्यांप्रमाणे लावली, तर सगळ्यांत वर आलेल्या पाच तुकड्यांपुढे ‘काढा’ होतं. उजेड नीट, कडा नीट, हलणं नावालाच. प्रोग्राम असं लिहिणं शक्यच नव्हतं. यादी उघडायचो आम्ही दोघंच, आणि काका तर म्हणायचे, त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही.

“हे तुम्ही बदललंत का?” मी विचारलं.

“दाणे असतील ना अम्मा,” ते म्हणाले. “तूच सांगितलंस. आकड्यांना काय कळतं? उगी परेशान नको होऊ.”

माझाच धडा मलाच ऐकवत होते. मला राग आला. ते चहाला खाली गेल्यावर मी पाचही तुकडे बघितले. दाणे कुठेच नव्हते. एरवी त्यांच्या चित्रणात देखावा सतत थरथरायचा, इथे मात्र श्वासापुरता हलत होता. म्हणजे कॅमेऱ्याखाली तिपाई नव्हती, हातच होता. चौथ्या तुकड्यात हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या आणि मागच्या दारातून पाण्याची घागर घेऊन कुणीतरी आलं. केस काळे, पण चाल तीच. काका होते. मग कॅमेरा कुणाच्या हातात होता?

मी वळून खिडकीकडे पाहिलं. काकूंनी पेपर खाली ठेवला होता.

“हौ, मीच,” त्या म्हणाल्या. “यांचा हात थरथरायचा. मोठा कार्यक्रम असला की कॅमेरा माझ्याकडे द्यायचे.”

“मग तुमचं नाव?”

“कुणी विचारलंच नाही.”

काका वर आले. पडद्यावर स्वतःला पाहून दारातच थांबले. मी पाचही ठिकाणी ‘ठेवा’ लिहिलं आणि व्हिडिओंना जोडायची श्रेयनामावलीची पाटी उघडून कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. ते काय लिहितात, मला बघायचं होतं. ते खुर्चीत बसले. मग, कॉम्प्युटरचं काही कळत नसलेल्या त्या माणसाने दहाही बोटांनी स्वतःच्या नावाखाली ओळ टाइप केली: ‘सहकार्य’, आणि पुढे काकूंचं नाव.

माझा संशय खरा ठरला, पण त्याचा आनंद झाला नाही.

काकू उठून आल्या. चष्मा लावून त्यांनी पाटी वाचली, वह्या तपासताना वाचत असतील तशी.

“दोन्ही नावांची जागा बदल,” त्या मला म्हणाल्या. “चित्रण माझं. घागर यांनी आणली, ते सहकार्य.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची सोडली आणि काकूंना बसायला दिली.