लिंक उघडत होती

हिंजवडीतली माझी नोकरी गेली तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लोकांना समजेल असं लिहून देणं, हे माझं काम. त्यातले चांगले नमुने मी एका फाइलमध्ये एकत्र केले, ती ड्राइव्हवर ठेवली आणि तिची लिंक प्रत्येक अर्जात घातली. कुठूनच उत्तर येईना.

जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण दुसऱ्या कंपनीत होती. तिने तिथे माझं नाव सुचवलं होतं. फोन केला तेव्हा म्हणाली, "अगं, तुझी लिंक उघडली नाही म्हणे त्यांना."

मला चक्क बरं वाटलं. म्हणजे माझं काम कुणी नाकारलंच नव्हतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. अर्ज पाठवल्यावर मी त्या फाइलचं नाव बदललं होतं, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती, आणि नवे नमुने घालून तिची नवी आवृत्तीही चढवली होती. यातल्याच कशाने तरी लिंक तुटली असणार.

खरी लिंक उघडून बघायचं धाडस होईना. म्हणून आधी एक बिनकामाची फाइल घेतली. तिचं नाव बदललं आणि ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत तिची लिंक टाकली. उघडली. फोल्डर बदलला, तरी उघडली. नवी आवृत्ती चढवली, तर त्याच लिंकवर नवा मजकूर दिसला. शेवटी ती काढून टाकली आणि त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली. तेव्हा कुठे लिंक बंद पडली. लिंक नावाची नसते की जागेची नसते, त्या एका फाइलची असते.

नवी आवृत्ती चढवताना मीही जुनी फाइल काढून टाकली असेल, या आशेने खऱ्या फाइलच्या आवृत्त्या पाहिल्या. जुनी आणि नवी, दोन्ही एकाच फाइलखाली होत्या. परवानगीही फाइललाच दिलेली होती, 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी. मग अर्जातली लिंक टाकली. पहिलं पान लगेच समोर आलं.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. "लिंक उघडतेय. कधी बंद नव्हतीच."

ती म्हणाली, "त्यांनी पाहिलं होतं गं. चांगलं आहे म्हणाले. पण त्यांना कमी अनुभवाचं माणूस हवंय, आणि निम्मं लिखाण आता मशीनच करतं. तुला कसं सांगू कळेना."

"बरं," म्हणाले मी.

नवऱ्याने विचारलं, "सापडला का दोष?"

"नाही. सगळं नीट चालू आहे."

तो फोन घेऊन माझे नमुने वाचत बसला. "किती सोपं लिहिलंयस," म्हणाला. मला ते ऐकवेना. मी उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढू लागले. दुसऱ्या दिवशी अर्ज पाठवायला बसले, पण एकही पाठवला नाही. त्यानंतरही फार थोडे पाठवले. कुणाचा फोन आला नाही.