चकाकी जायच्या आत

विजेवाचून चालतं तेच खरं विज्ञान, असं आमच्या दंत शिबिराच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले. विजेवाचून माइकही चालत नव्हता, त्यामुळे हे विधान पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

शिरूर कासार तालुक्यातल्या त्या गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. मला त्याचं काही नव्हतं. ज्या पद्धतीने मी दात भरणार होतो तिला वीज लागतच नाही. किडलेला मऊ भाग हातातल्या हत्यारांनी खरवडून काढायचा आणि खड्ड्यात ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरायचं. हत्यारं आम्ही प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केली होती. शाळेच्या वर्गात खिडकीशी एक टेबल ओढलं, त्यावर सतरंजी. उजेडाची सोय झाली.

दिवस ऊसतोडीला निघायचे होते. टेबलावर आलेली दुसरीतली मुलगी त्याच दुपारी आईबापाबरोबर कारखान्याकडे जाणार होती. बाप दाराशी उभा होता.

"गाडी यायलीय डाक्टर. आल्यावर केलं तर न्हाई का जमायचं?"

मी आरशाने पाहिलं. खालची पक्की दाढ, नुकतीच आलेली, मधोमध किडलेली. रात्री दुखत नव्हती, हिरडीला सूज नव्हती. म्हणजे कीड अजून दाताच्या नसेपर्यंत पोचली नव्हती. आज भरली तर वाचणार होती. उसाच्या फडात कोण भरणार? परत येईपर्यंत ती काढायच्या लायकीची होणार, आणि या दाढेच्या जागी दुसरी येत नाही.

"नाही जमायचं," मी म्हणालो.

"मशीन न्हाई का?" मुलीने विचारलं.

"नाही."

"मंग करा."

खड्ड्याचं तोंड छोट्या हत्याराने रुंद केलं. मग चमच्यासारख्या हत्याराने कडेकडेची कीड आधी काढली, तळाची शेवटी आणि जपून. ओल्या लाकडासारखा मऊ भाग निघतो. खाली टणक लागलं की थांबायचं, रंग काळसर असला तरी. गालाशी कापसाच्या वळ्या ठेवल्या. खड्ड्याला सौम्य आम्ल लावलं, ओल्या बोळ्याने पुसलं, कोरड्याने टिपलं. माझ्या सहकारी बाईंनी कागदावर पूड आणि द्रव कालवायला घेतलं. हे मिश्रण चकाकतं तोवरच भरायचं असतं. चकाकी गेली की ते दाताला धरत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती लवकर जाते.

तेवढ्यात चहा आटोपून पाहुणे पाहणीला आले. मागे हेडमास्तर आणि फोटोवाला.

पाहुणे वर्गात आले की उभं राहायचं, हे त्या शाळेने पोरांच्या हाडात मुरवलं होतं. मुलगी ताडकन उठून बसली, हात जोडले आणि तोंडात कापूस असताना "एक साथ नमस्ते" म्हणाली. एकटीच म्हणाली. वळ्या भिजल्या, खड्ड्यात लाळ गेली. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. मिश्रण खडूसारखं मंद दिसत होतं.

"लई हुशार पोरगी," पाहुणे म्हणाले. "घ्या, फोटो घ्या."

"हे फेकायचं," मी बाईंना म्हणालो. "पुन्हा कालवा, मी सांगेन तेव्हा." मग पाहुण्यांना म्हणालो, "साहेब, तुम्ही उजेडात उभे आहात."

ते सरकले. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांची बदली मीच केली होती.

मुलीला पुन्हा आडवं केलं. "आता कोणीही आलं तरी उठायचं नाही. तोंड मिटायचं नाही."

"गुर्जी आले तरी?"

"तरी."

"मुकादम?"

"तोही."

कापूस बदलला. खड्डा पुन्हा धुतला, आम्ल, बोळा, कोरडा. बाईंना मानेने खूण केली. मिश्रण चकाकत माझ्याकडे आलं आणि बाहेर हॉर्न वाजला. मजुरांची टोळी नेणारा मुकादम थेट खिडकीशी.

"आवं, दाढंपायी गाडी थांबवू का मी? चला की."

बाप पुढे आला. "ऊठ गं, बास झालं."

मुलीने तोंड उघडंच ठेवलं आणि हात वर करून पंजा बापाला दाखवला. तो थांबला. बहुधा तिने आजवर त्याला कधी थांबवलं नव्हतं.

मी सिमेंट भरलं, शेजारच्या खाचांवरही सारवलं, हातमोज्यावर व्हॅसलीन लावून बोटाने दाबून धरलं. मुकादम बोलत राहिला, मी दाबत राहिलो. जास्तीचं खरवडलं, कार्बनचा कागद चावायला लावून उंची पाहिली, जिथे टेकत होतं तिथे कमी केलं, वरून पुन्हा व्हॅसलीन.

"तासभर काही खायचं नाही."

"गाडीत काय मिळतंय खायला," मुकादम म्हणाला, आणि तिला उचलून घेऊन गेला.

उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा मी त्या शाळेत पुन्हा गेलो होतो. ती न सांगता टेबलावर चढली आणि तोंड उघडलं. सिमेंट जागच्या जागी होतं. शेजारच्या फटीत उसाचा चोथा अडकला होता, तो मी काढला.