फेब्रुवारीची पाच आणि येकातितची पाच

वुबालेमला तारीख विचारायची आमच्याकडे रीतच होती. अदिस अबाबाजवळच्या होलेताच्या त्या गुलाबाच्या मळ्यावर निवडणीच्या हॉलमध्ये आम्ही दिवसभर उभ्या असतो, देठ मापतो, पानं काढतो, जुड्या बांधतो. पगार, रजा, गाडी, सगळं कंपनीच्या म्हणजे फिरंगी तारखेनं चालतं. घरी मात्र लग्न, बारसं, मयत, चर्चचे सण, सगळं आमच्या तारखेनं. मग मध्येच कुणीतरी ओरडायची, "वुबालेम, आमची एकवीस म्हणजे यांची किती गं?" आणि ती हातातलं काम न थांबवता सांगायची. कधी चुकली नाही. नव्या मॅडमना, जेपकोरिरबाईंना, त्या केनियाहून आल्या तेव्हा आमचं कॅलेंडर हिनंच समजावलं. त्या बिचाऱ्या पहिल्या महिन्यात इतक्यांदा चुकल्या की आम्ही मागं हसायचो. वुबालेम हसायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर एक शहाणपण यायचं. मला ते आवडायचं नाही, खरं सांगते. मैत्रीण असली म्हणून काय झालं.

एरवी बाई सोन्यासारखी. टेबलावरची मुकादम, पण कुणावर आवाज चढवला नाही. कुणाचं बोट काट्यानं फाटलं तर स्वतः चिंधी बांधायची आणि तिच्या वाट्याच्या जुड्याही बांधून टाकायची. फक्त स्वतःची चूक झाली की तिची जीभ टाळूला चिकटायची. नवऱ्याला सुद्धा "माझं चुकलं" म्हणालेली मी ऐकली नाही, आणि तिचा नवरा साधा माणूस, त्यानं कधी मागितलंही नसेल.

तर त्या वर्षी गेन्नाच्या, म्हणजे जानेवारीतल्या आमच्या नाताळाच्या, आधी तिचे वडील गेले. चाळिसाव्या दिवशी आमच्यात जेवण घालतात, पुजारी येतात, सगळी आळी येते. पुजाऱ्यांनी दिवस काढून दिला, येकातित या आमच्या महिन्याची पाच. म्हणजे फेब्रुवारीची बारा. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेव्हा रडून रडून तिचं डोकं जागेवर नव्हतं. पाच, पाच, एवढंच मनात घोळत होतं. तिनं बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या मॅडमना इंग्रजीत मेसेज टाकला, वडिलांच्या चाळिसाव्यासाठी पाच फेब्रुवारीला एक दिवस रजा हवी आहे. दिवस आपला, महिना त्यांचा. आमच्यातलंच माणूस अशी चूक करू शकतं.

आता पाच फेब्रुवारी म्हणजे काय, हे मळ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. चौदा तारखेला तिकडे युरोपात प्रेमाचा दिवस, त्यासाठी आमचे गुलाब महिना लागल्यापासून दहा तारखेपर्यंत विमानानं जात असतात. त्या दिवसांत जेवायलाही पाळीनं सोडतात. एका टेबलाची एकच बाई रजेवर जाऊ शकते, आणि तीही अगदी अडलेली असेल तरच. बारा तारखेला मात्र सगळं आटोपलेलं असतं, तेव्हा रजा मागितली तर कुणी भुवईही उचलत नाही.

मॅडमचं उत्तर आलं. वाईट वाटलं, खरं तर या दिवसांत देत नाही, पण वडिलांचं कार्य आहे, मी काहीतरी करते. वुबालेमनं ते मला दाखवलं आणि म्हणाली, "बारा तारखेला काय एवढं? उगीच उपकार केल्यासारखं लिहितात." मी म्हटलं, मोठ्या लोकांची सवय. वरचा मेसेज मीही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कॉफी घेत होतो. तिचा भाऊ मेसेज करून पाहुण्यांचं विचारत होता आणि ती उत्तरं देता देता फोनवरचे जुने मेसेज वरखाली करत होती. एका मेसेजवर तिचं बोट थांबलं. मी विचारलं काय गं, तर फोन माझ्यापुढे धरला. पाच फेब्रुवारी. मला हसू आलं. म्हटलं, बाई, तूसुद्धा?

तिला हसू आलं नाही. तिनं मेसेजवर बोट दाबून धरलं, पाचचे बारा केले, आणि फोन पदराखाली ठेवला. झालं म्हणाली.

"काय झालं?" मी म्हटलं. "मॅडमनी वाचून झालंय. त्यांच्या डोक्यात पाच बसलीय. तू इथं गुपचूप बदललंस तर त्यांचा फोन वाजतो थोडाच? खाली बारीक अक्षरात बदलल्याची खूण येते, ती कोण बघतंय? नवा मेसेज टाक. म्हणावं आधीची तारीख चुकली."

"बघतील त्या."

"आणि नाही बघितलं तर?"

"त्सिगे, कॅलेंडर त्यांना मी शिकवलं," ती म्हणाली. "आता मीच लिहू, की माझं चुकलं?"

मी तिला चांगलं झापलं. इतका तोरा कशाला, म्हटलं, एक ओळ लिहायची तर. तिनं कप उचलून धुवायला नेला. संध्याकाळी लिहीन म्हणाली. संध्याकाळी चाळिसाव्याच्या जेवणासाठी दारू गाळायची होती, लाकडं आणायची होती, तिनं लिहिलं नाही.

सकाळी हॉलच्या दारावर पाळ्यांचा कागद लागला. पाच फेब्रुवारीला आमच्या टेबलाची रजा, वुबालेम. त्या जागी आधी अस्नाकेचचं नाव होतं. ते खोडलं होतं.

अस्नाकेच आमच्याच टेबलावरची. तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. अदिसच्या दवाखान्यात ऑपरेशनचा नंबर लागायला कितीतरी महिने वाट पाहिली होती, तो पाच फेब्रुवारीचा लागला. म्हणून तिनं गेन्नाच्या वेळीच रजा मागून ठेवली होती. आईला धरून नेणारं घरात दुसरं कुणी नाही. मॅडमनी तिला आदल्या संध्याकाळी बोलावून विचारलं होतं, एकीलाच सोडता येईल, वुबालेमच्या वडिलांचं चाळिसावं आहे, काय करूया? आणि अस्नाकेचनं आपण होऊन सोडलं.

ती आली ती सरळ वुबालेमच्या गळ्यात पडली. "तू मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाली. "माझी आई थांबेल, तिला सवय झालीय. मेलेल्या माणसाचा दिवस थांबत नाही."

वुबालेम उभी होती, हात खाली सोडून. मी तिच्याकडे असं पाहिलं की दगडानंही तोंड उघडावं. ती टेबलाशी गेली आणि कामाला लागली. थोड्या वेळानं पाहिलं तर लांब देठ आखूड देठांच्या ढिगात टाकत होती, आणि हातमोजे घालायलाच विसरली होती. बोटांतून रक्त येत होतं. मी मोजे पुढे सरकवले, तर म्हणाली, राहू दे, बरं आहे. मला राग आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम. दुखवून घेतल्यानं कुणाचं भलं होतं का?

कॉफीच्या सुट्टीत मॅडम स्वतः बाहेर आल्या, हातात फोन. आम्ही सगळ्या तिथंच बसलेल्या. त्या वुबालेमला म्हणाल्या, "मी पाळीचं कळवायला तुझा मेसेज उघडला, तर त्यात बारा तारीख आहे. मी तर पाच वाचली होती. माझंच पुन्हा चुकलं वाटतं. तुमच्या तारखांनी माझं डोकं फिरवलंय." आणि सगळ्यांकडे बघून हसल्या. "हसा, हसा. मागं हसताच, आता पुढं हसा."

बायका हसल्या. कुणी तर म्हणालं, मॅडम, अजून एक वर्ष लागेल. मॅडमना त्या बदललेल्याच्या खुणेचं भानही नव्हतं. बाराची रजा मिळणार होती, पाचची अस्नाकेचला परत जाणार होती, आणि चूक मॅडमच्या खात्यात. वुबालेमनं फक्त गप्प बसायचं होतं. मी तोंड उघडणार होते, देवाशप्पथ. पण मग म्हटलं, बघू तर खरं.

तिनं कप खाली ठेवला. कप कलंडला, तो तिनं उचललाही नाही.

"मॅडम, तुम्ही बरोबर वाचलं होतं," ती म्हणाली. "मी पाचच लिहिली होती. माझी चूक होती. मग मी न सांगता ती बदलली."

हसणं थांबलं. मॅडमनी विचारलं, कधी बदललीस? ती म्हणाली, काल दुपारी. मॅडम ओरडल्या नाहीत, पण जे बोलल्या ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "तेव्हा मला एक ओळ लिहिली असतीस तर अस्नाकेचला मी विचारलंच नसतं. काल संध्याकाळी विचारलं मी तिला. आता मला लिहून दे, म्हणजे माझाही पुन्हा गोंधळ नको."

वुबालेमनं तिथंच, सगळ्यांसमोर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, कारण तिच्या बोटांना रक्त होतं आणि अक्षरं उमटली की नाही याची तिला खात्री नव्हती. 'आधीच्या मेसेजमधली पाच फेब्रुवारी ही तारीख माझ्याकडून चुकली होती, आणि नंतर मी तो मेसेज बदलला. मला रजा फक्त बारा फेब्रुवारीला हवी आहे, म्हणजे आमची येकातितची पाच. पाच फेब्रुवारीला मी कामावर आहे. कृपया तो दिवस अस्नाकेचला परत द्यावा.' मॅडमचा फोन वाजला. त्यांनी मान हलवली आणि कागद बदलायला आत गेल्या.

तेव्हा अस्नाकेच म्हणाली, "मी सकाळीच दवाखान्यात फोन केला."

तिला कुणाची अडचण करायची नव्हती ना. आपला नंबर उगीच वाया जायला नको, दुसऱ्या कुणाला मिळू दे, म्हणून बसमधूनच कळवून टाकलं होतं. वुबालेमनं तिच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला. सुट्टी संपेपर्यंत ती लावत राहिली. शेवटी कुणीतरी उचलला. नंबर दुसऱ्याला दिला होता, आता पुढचा फासिकानंतर, म्हणजे ईस्टर झाल्यावर. तिनं गयावया केली, चूक माझी आहे म्हणाली, त्या बाईला एकदा नाही तीनदा. तिकडच्या बाईला काय त्याचं? अस्नाकेच तिच्या दंडाला धरून म्हणत होती, असू दे गं, असू दे. वुबालेमला ते असू दे ऐकवत नव्हतं.

पाच तारखेला दोघीही कामावर होत्या, समोरासमोर. रजा कागदावर अस्नाकेचची होती, पण जाऊन करायचं काय होतं तिनं?

बारा तारखेला चाळिसावं झालं. मांडव घातला होता, पुजारी येऊन गेले, भाकरी कापली, इंजेरा आणि वरण वाढणं चाललं होतं. अस्नाकेच आली ती आईचा हात धरून. म्हातारीनं पांढरी शाल घेतली होती, पाय चाचपत टाकत होती. तिला बाकावर बसवलं. वुबालेमनं ताट आणून तिच्या मांडीवर ठेवलं, पाणी ओतून तिचे हात धुतले.

म्हातारी हात पुसत लेकीला म्हणाली, "ती वुबालेम कोणती गं? मला तिच्याजवळ ने. बापाचं दुःख आहे पोरीला, दोन शब्द बोलते."

वुबालेम तिच्या पुढ्यातच उकिडवी बसली होती, हातात पाण्याचं भांडं. अस्नाकेचनं तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग वुबालेमनं भांडं खाली ठेवलं, म्हातारीचा ओला हात धरून आपल्या गालावर नेला आणि म्हणाली, "आई, मीच ती."