कापलेले दहा टक्के

चिखलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी दातांची डॉक्टर म्हणून दीडेक वर्षापासून जात होते. पगार नव्हता, केसमागे फी. अकाउंटवाले काका दर महिन्याला त्यातले दहा टक्के कापून उरलेली रक्कम खात्यात टाकत.

"टॅक्स आहे मॅडम, तुमच्याच नावानं जमा होते," ते म्हणायचे.

माझा विश्वास बसत नव्हता. मी मुळातच तापट. हे पैसे काकाच खातात, असं मी सगळ्या नर्सांना सांगून बसले. काकांची दाढ ठणकत होती, गालावर हात धरूनच ते हिशेब लिहीत. तरी मी मुद्दाम "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून टाळत राहिले. शेवटी दवाखान्याच्या मालकांना तक्रारीचं पत्र लिहिलं. काकांना कामावरून काढा, अशी सरळ मागणी होती. ते दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि आयकराचं रिटर्न भरायची शेवटची तारीखही तीच होती.

पैसे जमाच नाहीत, याचा पुरावा पत्राला जोडावा म्हणून रात्री अमडापूरच्या घरी लॅपटॉप उघडला. पॅन टाकून आयकराच्या पोर्टलवर गेले आणि २६ एएस, म्हणजे आपल्या नावानं जमा झालेल्या कराचं विवरण, काढलं. चारही तिमाह्या तिथे हजर होत्या. दवाखान्याचं नाव, मला दिलेली रक्कम, कापलेला कर. वर्षाची फी दोन लाख चाळीस हजार, जमा चोवीस हजार. एक रुपयाही कमी नव्हता. काकांनी दर तिमाहीला दिलेली कर कापल्याची सोळा-एची प्रमाणपत्रं मी न वाचताच ड्रॉवरमध्ये कोंबली होती, ती काढून ताडून पाहिली. आकडा तोच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रीतसर रिटर्नच भरलं. चौथ्या नंबरचा फॉर्म. डॉक्टरांना निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवता येते, म्हणून एक लाख वीस हजार लिहिले. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली, कर शून्य. खाली आकडा उमटला: परतावा, चोवीस हजार. बँक खातं पडताळलेलं होतं. आधारचा ओटीपी यायला रेंज नव्हती, गच्चीवर जाऊन घेतला आणि रिटर्नची पडताळणी पूर्ण केली. पत्र तिथेच फाडलं.

सकाळी नर्सांसमोरच काकांची माफी मागितली आणि पत्राचंही सांगून टाकलं.

काकांनी हातातली हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "पॅनची झेरॉक्स मांगाले मी दोनदा तुमच्या घरी आलतो, तं तुम्ही दारातूनच वापस लावलं. मंग तुमच्या बाबांकडून घेतली. पॅन नसता तं वीस टक्के कापा लागत होते."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि दिवा खाली ओढला.

"आ करा, काका."

"फी किती घेसान?"

"काहीच नाही."

"मंग कापू कशातून?" असं म्हणून त्यांनी गालावरचा हात काढला.