टिकारामचं अक्षर

टपाल कचेरीबाहेर मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारा टिकाराम हल्ली लिहिण्याआधी उलटतपासणी घेतो. लोक चिडतात. चिडोत मेले!

आज पंप दुरुस्त करणारा दुलीचंद आला. हातात दिल्लीच्या कंपनीचं पत्र: निवड झाली, नोंदणीचे दीडशे रुपये पोस्ट बॉक्सवर पाठवा.

"आन परवा टपरीवर भेटला, कामाचं बोलला म्हणत होता, तो खाणीचा साहेब?" टिकारामनं विचारलं.

"तो नुसत्या गप्पा मारून गेला, काका. कागद नाही, शिक्का नाही."

"विचारलं काय त्यानं?"

"पंप पाणी ओढत नसंल तर आधी काय पाहतो, असं. सोमवारी फाटकावर ये म्हणे, काम करून दाखव."

"पैसे मांगले?"

"नाही."

"मंग तोच खरा. या पत्रानं तुले कामाचं एक तरी विचारलं काय?"

दुलीचंदनं पत्र घडी करून खिशात घातलं. टिकारामनं फॉर्म फाडला.

पायरीवर जिजाबाई रोजच्यासारखी बसली होती. तिच्या मुलानं, मधूनं असेच पैसे पाठवले होते. नोकरी आली नाही म्हणून तो कंपनी शोधायला दिल्लीला गेला, त्याला तीन वर्षं झाली. घरी उरली फक्त मनीऑर्डरची पोचपावती, फॉर्मचाच सही होऊन परत आलेला तुकडा. तिनं ती पुढं केली.

"वाचून पाय न बाबा, कुठं गेला माहा मधू?"

टिकारामनं वाचली. मधूचं नाव, गाव, पत्ता, सगळं त्याच्याच अक्षरात होतं.