बारवेतले दिवे आणि हॅलोजन

आमच्या गावची पायऱ्यांची बारव म्हणजे काटेरी झुडपांनी आणि कचऱ्यानं भरलेला खड्डा होता. पहिल्यांदा त्यात उतरली ती माझी थोरली जाऊ. पावसाळा सरल्यावर हातात कोयता घेऊन ती एकटीच गेली. मग मी गेले, मग गल्लीतल्या बायका. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आम्ही खालच्या पायरीपर्यंत बारव मोकळी केली. त्या संध्याकाळी पायरी-पायरीवर दिवे लावायचं ठरलं आणि फोटोचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा मोबाईल नवा होता.

जाऊबाई म्हणाल्या, "फ्लॅश मारू नको. दिवाळीला मारलाता, समदी तोंडं पांढरी फटक आन मागं काळंकुट्ट. दिवे कुटंच न्हाईत."

म्हणून आदल्या संध्याकाळी मी अंगणात चार पणत्या लावून करून पाहिलं. फ्लॅश बंद, नाईट मोड चालू. पहिल्या फोटोत पणत्यांच्या जागी पांढरे गोळे आले. मग स्क्रीनवर ज्योतीवर बोट ठेवून उजेड खाली ओढला, तेव्हा ज्योत ज्योतीसारखी दिसली. हातात धरलं की फोटो हलायचा. फोन विटेला टेकवून टायमर लावला, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागला नाही. फोटो चांगला आला. एक गोष्ट मात्र कळली : आभाळात थोडा निळा उजेड असतानाच बारवेच्या भिंती दिसतील, पुरा अंधार झाल्यावर दिसणार नाहीत.

पौर्णिमेला आम्ही दिवसभर वाती वळल्या. सूर्य मावळला, निळा उजेड आला, बायकांनी काड्यापेट्या काढल्या. तेवढ्यात वरून एक कार्यकर्ता ओरडला, "थांबा थांबा. आमदारसाहेब निघालेत पाटोद्याहून. त्यांच्या हातानं पहिला दिवा लागंल."

"फोटो निघनार न्हाई मग," मी म्हणाले.

"निघतो की वैनी. आमी लाईट आणलीय."

आम्ही थांबलो. झाडलेल्या पायऱ्यांवर, आमच्याच दिव्यांपुढं, कुणाची तरी गाडी यायची वाट बघत. आभाळ काळं होत गेलं तसा माझा जीव जळत गेला. कोयता धरून धरून जाऊबाईंच्या तळहाताला घट्टे पडले होते, त्यांवरून त्या अंगठा फिरवत बसल्या होत्या.

साहेब आले. एक दिवा लावला. बाकीचे आम्ही भराभर लावले आणि सगळी बारव उजळली. पण क्षणभरच. कार्यकर्त्यानं हॅलोजन चालू केला. दिवे गेले. म्हणजे जळत होते, पण दिसत नव्हते. दिसत होते ते साहेबांचे पांढरे कपडे आणि भिंतीवरचे काळे डाग. शिवाय दहा-बारा फोन फ्लॅश उडवायला लागले.

"ती लाईट बंद करा," मी म्हणाले.

"कावून? अंधारात काय दिसनार?"

"दिवे."

तो हसला. मग मी पायऱ्या चढून काठावरच्या देवळात गेले, हॅलोजनची वायर तिथूनच आली होती, आणि बोर्डावरचं बटण खाली पाडलं.

"कुनी बंद केला बे?" वरून आवाज आला.

"मी केला," मी खाली उतरत म्हणाले. "आता कुनी चालू करायचा न्हाई."

डोळे सरावले तशी ज्योत न् ज्योत दिसू लागली. मी बायकांना सांगितलं, "एक-एक पणती हातात घ्या, हनवटीजवळ धरा. टायमर संपला की तीन सेकंद हलू नका. श्वास जरा रोखा." फोन दगडी कट्ट्यावर टेकवला. ज्योतीवर बोट, उजेड खाली. साहेबही मधे येऊन उभे राहिले. त्यांना कोण नको म्हणणार? पण ऐन वेळी त्यांचा फोन वाजला आणि ते वळले.

फोटोत बायका लख्ख आल्या. पिवळ्या उजेडात जाऊबाईंच्या कपाळावरची आठीसुद्धा. साहेबांच्या जागी एक पांढरट फराटा.

"परत काढा," कार्यकर्ता म्हणाला.

"तेल संपत आलंय," मी म्हणाले. ते खोटं होतं.

गावच्या ग्रुपवर त्यानं हॅलोजनमधला फोटो टाकला. साहेब हसतायत, बायकांच्या नुसत्या पाठी. वर लिहिलं होतं, साहेबांच्या प्रयत्नांतून बारवेला नवजीवन. मी खाली आमचा फोटो टाकला आणि बारव कुणी साफ केली तेही लिहिलं. थोरल्या दिरांचा निरोप आला, फोटो काढून टाक, उगं वैर कशाला. मी काढला नाही. त्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. बारवेत राबली होती त्यांचीच बायको, आणि राग माझ्यावर.

पुढच्या आठवड्यात जाऊबाईंना घेऊन मी पाटोद्याच्या फोटोवाल्याकडं मोठी प्रिंट काढायला गेले. त्यानं स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "ताई, लई अंधार हाय. उजळून देऊ का?"

"न्हाई," मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्या बिचाऱ्या फोटोवाल्याचा काही दोष नव्हता. जाऊबाईंनी माझा हात दाबला, पुढं झाल्या आणि त्याला शांतपणे म्हणाल्या, "जसा हाय तसाच काढा, भाऊ. अंधार व्हताच तिथं."