लर्निंग नीड्समध्ये तिने काय लिहिलं

मला तिचा हेवा वाटत होता, आणि अजून वाटतो. उगाच गोड कशाला बोलू?

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे, तिथे आमच्या मेजरिंग रूमचे इन्चार्ज साहेब त्या डिसेंबरात रिटायर झाले. खोली रिकामी, खुर्ची रिकामी. आत सीएमएम, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची बारीक मापं घेणारं मोठं मशिन. साहेब असतानाही ते मीच चालवायची. त्याचे प्रोग्रॅम मीच रडतखडत, एकटीने शिकून बसवलेले. खुर्ची माझीच, हे मला इतकं उघड वाटत होतं की मी कुणाला बोललेसुद्धा नाही.

मार्चमध्ये आमच्या क्वालिटीच्या प्रमुख सरांचा मेल आला. वार्षिक रिव्ह्यूआधी प्रत्येकाने स्वतःचं मूल्यमापन लिहून पाठवायचं. कुठली उद्दिष्टं पूर्ण झाली, पुराव्यासकट. कुठली राहिली आणि का. शेवटी 'लर्निंग नीड्स', म्हणजे काय शिकायची गरज आहे.

आता या शेवटच्या रकान्याची आमच्याकडे एक रीत आहे. तिथे सगळे 'कम्युनिकेशन स्किल' लिहितात. फिटर लिहितो, स्टोअरवाला लिहितो, सरसुद्धा वरच्यांना तेच लिहीत असणार. मग एचआर एक दिवस बाहेरचा माणूस बोलावतं, तो आम्हाला हसायला लावतो, मिसळ मिळते आणि विषय संपतो. खरी कमतरता लिहायची म्हणजे आपल्या हाताने आपला कान पकडून द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझा मेल झकास झाला होता. ग्राहकाच्या तक्रारी घटल्या, त्याचे रिपोर्ट जोडले. ऑडिट निर्विघ्न पार पडलं. नवीन गेजेसचं, म्हणजे मापं घेण्याच्या साधनांचं, कॅलिब्रेशन वेळेत झालं. सीएमएमबद्दल एकच ओळ, कारण ते तर रोजचंच काम. खाली, कम्युनिकेशन स्किल.

तिचं टेबल माझ्या शेजारी. येवल्याकडची, वयाने माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. कामाला बरी. पण सरांशी अशी सहज बोलायची की माझ्या पोटात दुखायचं. मी इतकी वर्षं 'येऊ का सर' म्हणून दारात उभी, आणि ही थेट आत. डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला प्रेमाने वाढायची, तीही धड गोड लागायची नाही.

तिने मेल पाठवायच्या आधी मला वाचायला दिला. शेवटी लिहिलं होतं, 'मला सीएमएमचं प्रोग्रॅमिंग येत नाही. ड्रॉइंग बदललं की मी अडते आणि ताईंना विचारते. पुढे मेजरिंग रूमची जबाबदारी घ्यायची इच्छा आहे, त्यासाठी हे शिकायचं आहे.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जबाबदारी म्हणे. तरी मी तिला सरळ सांगितलं, अगं, येत नाही असं कुणी लिहितं का, रेटिंग जाईल. कम्युनिकेशन लिही आणि मोकळी हो.

ती म्हणाली, "ताई, पण नाय येत ना मला."

आणि पाठवून टाकला. मनात म्हटलं, बरं झालं, बुडेल.

माझा रिव्ह्यू दुपारी होता. सरांनी माझा मेल समोर ठेवून कौतुक केलं, रेटिंगही चांगलं दिलं. मग म्हणाले, मेजरिंग रूम तिच्याकडे द्यायचं ठरतंय. मी म्हटलं, तिला प्रोग्रॅमिंग येत नाही. ते म्हणाले, हो, तसं तिने स्वतःच लिहिलंय, म्हणून तर शिकवायचं ठरवता आलं. वरच्यांनी विचारलं की कुणाला रस आहे, तर माझ्याकडे तिचा मेल होता.

"सर, मी इतकी वर्षं ते मशिन चालवतेय."

"माहीत आहे मॅडम. पण तुम्हाला ती रूम हवी आहे, हे तुम्ही कुठे लिहिलंत? मला वाटलं, तुम्ही आहात तिथे खूश आहात."

सांगावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात मागून घेणाऱ्या मुलीला हावरट म्हणायचे.

तिला पुण्याला कोर्सला पाठवणार असाल, मी विचारलं. सरांनी नाही अशी मान हलवली. बाहेरचा कोर्स बजेटमध्ये बसत नव्हता. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुढच्या वर्षाच्या माझ्या उद्दिष्टांत पहिलंच होतं: सहकाऱ्याला सीएमएम प्रोग्रॅमिंग स्वतंत्रपणे करता येईल इतपत तयार करणे.

म्हणजे ती जितकी लवकर शिकेल, तितकं माझं रेटिंग वर.

मी टेबलाशी परत आले, तर ती वही उघडून बसली होती. तिला आधीच कळलं होतं. तिने विचारलं, ताई, कधी सुरू करायचं? माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मी सोमवार म्हटलं, आणि तिने खुशीत मलाच मिठी मारली.